“रविवारपर्यंत घर रिकामं करा”: घरमालकाच्या धमकीला लेखी उत्तर कसं द्यावं

आधी लीव्ह अँड लायसन्स करार उघडा. त्यातली मुदत संपण्याची तारीख, लॉक-इन म्हणजे करार मधेच मोडता न येण्याचा काळ, आणि नोटिशीचं कलम, एवढंच वाचा. करार नोंदवलेला असेल तर दस्त क्रमांक टिपून ठेवा. नोंदवलेला नसेल तरी घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.

खरी मेख तारखेच्या हिशोबात आहे. समजा करार 1 जुलै 2025 ते 31 मे 2026 असा आहे, आणि “कोणत्याही पक्षाने एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी” असं कलम आहे. 12 नोव्हेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, “रविवारपर्यंत घर सोडा.” इथे बहुतेक जण मेसेजला नोटीस म्हणायचं की नाही यावर पानभर भांडतात. तो वाद घालूच नका. मेसेज नोटीस धरला तरी महिना 12 डिसेंबरला भरतो, रविवारी नाही. उत्तराचा सगळा जोर या एका वाक्यावर ठेवा. मात्र कलमात “नोटीस मिळाल्यापासून” आहे की “दिल्यापासून”, ते नीट पाहा आणि तेच शब्द जसेच्या तसे उतरवा. लॉक-इन चालू असेल तर तेही लिहा.

मजकूर एवढाच पुरे:

“आपला दि. 12 नोव्हेंबरचा संदेश मिळाला. दि. 1 जुलै 2025 च्या करारातील कलम क्र. … नुसार करार संपवण्यासाठी एक महिन्याची लेखी नोटीस आवश्यक आहे. आपला संदेश नोटीस मानला तरी ही मुदत 12 डिसेंबरपूर्वी पूर्ण होत नाही. तो वैध नोटीस आहे असे मी मान्य करत नाही. नोव्हेंबरअखेरचे भाडे भरलेले आहे. कराराप्रमाणे लेखी नोटीस द्यावी आणि तोवर घराच्या वापरात अडथळा आणू नये, ही विनंती.”

भाडं भरल्याचं, म्हणजे शेवटून दुसरं वाक्य खरं असेल तरच ठेवा. थकबाकी असेल तर आधी बँकेतून भरा, मग पत्र पाठवा. “डिपॉझिटमधून भाडं वळतं करून घ्या” हा सर्रास मिळणारा सल्ला घातक आहे. त्याने तुम्हीच करार मोडता आणि घरमालकाच्या हातात आयतं कारण देता. “नाहीतर कोर्टात खेचीन” हेही लिहू नका. “महिनाअखेर सोडतो” असं तर चुकूनही नको, कारण ती तुमची लेखी कबुली ठरते.

पत्र करारातल्या पत्त्यावर पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा. सही केलेल्या प्रतीचा फोटो त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. पोस्टाची पावती जपा.

मुदत 31 मे ला संपत असेल आणि धमकी मेच्या शेवटी आली असेल, तर मात्र हे उत्तर चालत नाही. कराराची मुदत संपल्यावर राहिलात, तर त्याच अधिनियमाच्या कलम 24 प्रमाणे घरमालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो.