गाडीत तीन मुलं, फोन एकच: भांडण थांबवणारा खेळ

मागच्या सीटवर तिघं, वयं पाच ते अकरा. फोन आळीपाळीने दिला की वाट पाहणारे दोघे भांडायचे, आणि खाली बघून खेळणाऱ्याला मळमळायचं. नेटवर्क गेलं की बरेचसे गेम अडायचे. पार वैताग आला होता.

शेवटी फोन पुढे बसलेल्या मोठ्या माणसाकडेच ठेवला (चालवणाऱ्याकडे नाही).

निघण्यापूर्वी ओळखीच्या वस्तूंचे वीसेक फोटो काढले आणि विमान मोड लावून प्रत्येक उघडून पाहिला. क्लाउडवर गेलेले फोटो तेव्हा धूसर दिसतात. गाडीत एक फोटो निवडायचा, कुणाला दाखवायचा नाही. मुलांनी क्रमाने, धाकट्यापासून, हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारायचे. तिघांत मिळून वीस प्रश्न. ओळखायचं ते आपल्याच पाळीला, आणि चुकलं तर एक प्रश्न गेला. या नियमाशिवाय थोरला मध्येच ओरडून डाव संपवतो.

छत्रीचा डाव असा झाला: जिवंत आहे? नाही. हातात धरतात? हो. स्वयंपाकघरात असते? नाही. पावसात लागते? हो. इथे धाकटीने ओळखलं. लगेच फोटो दाखवायचा, म्हणजे ‘तुम्ही उत्तर बदललंत’ हा वाद उरत नाही. जिंकणारा पुढचा फोटो निवडतो, पण बघायला फोन हातात जेमतेम दहा सेकंद.