परदेशी शिक्षणाचं कर्ज: सातबारा, व्याज आणि पहिला हप्ता

लातूर-नांदेडकडे घरात जमीन असते, पण शेतजमिनीचा सातबारा बँका सहसा तारण घेत नाहीत. थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली शेतजमीन जप्त करता येत नाही. त्यामुळे एनए प्लॉट, घर किंवा मुदत ठेव लागते. प्लॉट सामाईक असेल तर भावकीच्या सह्या आधीच मिळवा, ऐनवेळी गाडी तिथंच अडते.

आता व्याज. 30 लाख, 10 टक्के, 2 वर्षांचा कोर्स आणि पुढे 1 वर्ष हप्ता न भरण्याची सवलत. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरू. या काळात सहसा सरळ व्याज लागतं, महिना 25,000. काहीच भरलं नाही तर 9 लाख मुद्दलात मिळतात आणि 10 वर्षांचा हप्ता 39,600 ऐवजी साधारण 51,500 होतो. जमेल तेवढं, निदान अर्धं व्याज तरी भरत राहा.

सवलत संपली की नोकरी असो-नसो, हप्ता सुरू होतो. सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवा. नोकरी लांबली तर मुदतवाढीचा अर्ज हप्ता थकण्याआधीच लेखी द्या. 90 दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए म्हणजे बुडीत कर्जात जातं आणि सहकर्जदार वडिलांचा सिबिलही घसरतो. मग त्यांना पीककर्जालाही अडचण येते.