शूटला एमसीबी पडतोय? सॉकेट मोजायचं बंद करा, या चुका टाळा

कुणाच्या घरात नाहीतर वाड्यात शूट लागलं की नवीन पोरं सगळ्यात आधी भिंतीवरचे सॉकेट मोजतात. "दादा, आठ सॉकेट आहेत, आठ लाईट लावूया." अरे नाही लागत भावा. सॉकेट आठ असले तरी ते बहुतेक वेळा एकाच एमसीबीवर असतात, जुन्या घरात तर कधी कधी अख्खा मजला एकाच वायरवर असतो. मोजायचं ते एमसीबी किती अँपिअरचा आहे आणि त्याच्यावर आधीच काय काय चालू आहे.

शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आमचा रात्रीचा सीन होता. ३०० वाले पाच लाईट, ६० वॉटचे दोन पॅनल, मॉनिटर आणि चार्जर. आता ३०० वाला लाईट भिंतीतून ३०० घेत नाही, ड्रायव्हर आणि फॅन धरून माझ्याकडचे ३५० च्या आसपास घेतात, म्हणजे पाचाचे १७५० झाले, पॅनलचे १२०, मॉनिटर-चार्जरचे २००, एकूण २०७०. त्याच लाईनवर घरमालकांचे पंखे, ट्यूब आणि फ्रिज, धरा ४०० वॉट. २४७० भागिले २३० केलं की पावणे अकरा अँपिअर येतात आणि एमसीबी होता १० चा.

तरी तो तासभर पडला नाही, आणि इथंच सगळे फसतात. थोडाच जास्त लोड असला तर एमसीबी लगेच पडत नाही, आतली पट्टी हळूहळू तापत राहते, त्यामुळं "इतका वेळ चाललंय म्हणजे चालतंय" असं वाटतं. मग ड्रेसवाल्यानं मागच्या खोलीत हजार वॉटची इस्त्री लावली, लोड गेला १५ अँपिअरवर, आणि दोन-अडीच मिनिटात ऐन टेकच्या मध्ये सगळा अंधार. एमसीबी वर केला, परत पडला. मग कुणीतरी म्हणालं की बाजूच्या दुकानातनं ३२ चा आणून बसवूया. मी सरळ नाही म्हणालो. एमसीबी वायरीला वाचवायला असतो, वायर तीच बारीक ठेवून मोठा बसवला तर एमसीबी पडणार नाही पण भिंतीच्या आत वायर जळेल. तेव्हा सॉकेटच्या प्लेटला हात लावला तर ती चांगलीच गरम लागत होती. दोन लाईट कमी केले, इस्त्री किचनच्या वेगळ्या लाईनवर नेली आणि सीन संपवला.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की रेकीला गेलो की मालकांना विचारून एकेक एमसीबी पाडतो आणि कुठला सॉकेट बंद झाला ते बघून त्याच्यावर टेप चिकटवून नंबर टाकतो. अर्धा तास जातो, पण मी ते सोडत नाही. मग एमसीबीच्या ८० टक्क्यांपर्यंतच लोड धरायचा, म्हणजे १० च्या लाईनवर ८ अँपिअर, साधारण १८०० वॉट, आणि त्यातनं घरातलं सामान वजा करायचं. ४०० गेले तर उरले १४००, म्हणजे ३०० वाले चारच, तेही मॉनिटर दुसऱ्या लाईनवर असला तर. लाईट एकदम चालू करू नका, एकेक करा, चालू होताना क्षणभर बराच जास्त करंट ओढतात. आणि संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं तर एलईडी तेवढेच वॉट घ्यायला करंट वाढवतात, त्यामुळं दुपारी चाललेला सेटअप रात्री पडू शकतो.

जनरेटरवर ५ केव्हीए लिहिलंय म्हणजे ५००० वॉट नव्हे. ०.८ नं गुणलं की ४००० येतात, आणि मी ३००० च्या वर लोड टाकत नाही. वाड्याच्या चौकात तर अजिबात ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वासच नसतो, माणसाला कळायच्या आत चक्कर येते. बाहेर लांब ठेवा, केबल जाड घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली केबल तापून वितळते. पेट्रोल भरताना लाईट बंद करा, मग इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि मगच भरा. टेकची घाई आहे म्हणून चालू इंजिनवर भरणाऱ्याला मी सेटवर ठेवत नाही.

बॅटरीला एमएएच बघून फसू नका, वॉट-अवर बघा. १४.४ व्होल्टची ६.८ एएच म्हणजे ९८ वॉट-अवर, ६० वॉटचा पॅनल कागदावर दीड तासाच्या वर चालेल, मी सव्वा तासच धरतो. २०००० एमएएचची पॉवर बँक ऐकायला मोठी वाटते, पण आतला सेल ३.७ व्होल्टचा असतो, ७४ वॉट-अवरच भरतात. आणि बॅटरीवर किती अँपिअर सुटू शकतात तेपण लिहिलेलं असतं. १० असेल तर १४४ वॉटच मिळणार, २०० वाला लाईट फुल्ल केला की बॅटरी चार्ज असूनही बंद पडणार.