आग विझवायचा पावडरचा सिलिंडर चालवायचा तर आठ फुटांवरून

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं गोदाम धरा. रिकाम्या बारदानाची थप्पी पेटलीय. ज्वाळा कमरेपर्यंतच आहेत, दार तुमच्या पाठीशी उघडं आहे आणि सहा किलोच्या एबीसी पावडर सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे. यातलं एक जरी नसेल तर सिलिंडरच्या नादाला लागू नका. माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा.

पिन ओढा. निघत नसेल तर तुम्ही वरचा दांडा दाबून धरलाय, म्हणून ती अडकलीय. सिलिंडर जमिनीवर टेकवा, दांडा सोडा आणि पिन जरा पिळून ओढा. प्लास्टिकचं सील आपोआप तुटतं.

आता खरी गोची. ‘जवळ जाऊन मारा’ असं सांगणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका. सुरुवात साधारण आठ फुटांवरून करायची. पावडर इतक्या जोरात सुटते की तीन-चार फुटांवरून मारलीत तर पेटती बारदानं उडून शेजारच्या पोत्यांवर पडतात. डिझेल सांडलेलं असेल तर तेही जळत पसरतं. पंधरा फुटांवरून मारलीत तर अर्धी पावडर वाटेतच खाली बसते. वारा पाठीवर घ्या, नाहीतर सगळी पावडर तुमच्याच तोंडावर येईल.

नेम बुडाशी धरायचा. डोळा ज्वाळेच्या शेंड्याकडे जातो आणि डोळ्यामागे हातही जातो. मग पावडर ज्वाळेतून आरपार जाते आणि खालचं बारदान तसंच जळत राहतं. म्हणून पाइपचं तोंड हातात घट्ट धरा, खाली वळवा आणि मगच दांडा दाबा. अंगण झाडल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवा, दोन्ही बाजूंना आगीच्या कडेच्या थोडं पलीकडे जाऊन. आधी तुमच्याजवळची कड विझवा; ज्वाळा मागे सरतील तसं पाऊल पुढे टाका. दांडा सलग दाबलात तर पंधरा सेकंदांच्या आसपास खेळ खलास, त्यामुळे एकाच जागी मारत बसू नका. पावडरच्या ढगात काही दिसेना झालं की दांडा सोडा आणि ढग जरा निवळू द्या.

एक बजावून सांगतो, दळलेल्या हळदीच्या ढिगावर थेट झोत मारू नका. भुकटी हवेत उडाली आणि आगीवर आली तर भडका होतो.

ज्वाळा गेल्या म्हणून पाठ फिरवून निघू नका, आगीकडे तोंड ठेवूनच मागे सरा. पावडर गारवा देत नाही. बारदानाच्या पोटात निखारा राहतो आणि थप्पी पुन्हा पेट घेते. मेन स्विच बंद झाल्याची खात्री करा, लांब दांड्याने थप्पी उसवा आणि आतपर्यंत पाणी मारा. उसवताना पुन्हा ज्वाळा उठल्या आणि सिलिंडर संपलेला असेल तर बाहेर पडा.

अर्धाच वापरलेला सिलिंडर परत खुंटीला अडकवायचा नाही. व्हॉल्वमध्ये पावडरचे कण अडकून राहतात आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो. त्याला आडवा करून बाजूला ठेवा आणि रिफिलला पाठवा.