मार्कांचा लांब कॉलम दहा-दहाच्या ओळीत लावताना या चुका टाळा

परीक्षा झाली, मार्क भरून झाले, आणि शीटमध्ये एकाखाली एक असा लांबलचक कॉलम तयार झाला. आता तो प्रिंट काढून हजेरीपटाशी ताडून बघायचा असतो, मग सर-मॅडम लोक तो दहा-दहाच्या ओळीत मांडायला जातात. कोल्हापुरात काय, कागल-गडहिंग्लजला काय, बहुतेक शाळांत हीच पद्धत बघितलीय आणि ती चांगलीच आहे, कारण दहाच्या तक्त्यात रोल नंबर लिहावाच लागत नाही. तिसऱ्या ओळीतला सातवा आकडा म्हणजे रोल नंबर २७, पाचव्या ओळीतला शेवटचा म्हणजे ५०. जागा हाच रोल नंबर. पण म्हणूनच यातली चूक लई वाईट असते, एक आकडा जरी सरकला तरी तिथून पुढच्या सगळ्या पोरांचे मार्क दुसऱ्याच्या नावावर जातात आणि तक्ता दिसायला मात्र एकदम व्यवस्थित दिसतो.

एक उदाहरण घेऊन चालू. वर्गात ६३ मुलं, पेपर ५० मार्कांचा. A कॉलममध्ये रोल नंबर, B मध्ये मार्क, पहिली ओळ हेडिंगची, म्हणजे मार्क B2 पासून B64 पर्यंत. रोल नंबर ८, २७ आणि ४५ पेपरला गैरहजर. तक्ता D2 पासून सुरू करायचा, दहा कॉलम म्हणजे D ते M, आणि ओळी सात, त्यातली शेवटची फक्त तीन आकड्यांची. D2 मध्ये हा फॉर्म्युला टाका, उजवीकडे M पर्यंत ओढा, मग सगळी ओळ धरून खाली आठव्या ओळीपर्यंत ओढा:

```
=IF((ROWS(D$2:D2)-1)*10+COLUMNS($D2:D2)>63,"",INDEX($B$2:$B$64,(ROWS(D$2:D2)-1)*10+COLUMNS($D2:D2)))
```

दिसायला मोठाय पण आत एकच गोष्ट आहे. तक्त्यातली ओळ कितवी, त्यातून एक वजा करून दहाने गुणायचं आणि कॉलम कितवा ते मिळवायचं, जो आकडा येईल तेवढ्या नंबरचा मार्क INDEX काढून देतो. तिसरी ओळ, सातवा कॉलम, म्हणजे २० अधिक ७, २७. आकडा ६३ च्या पुढं गेला तर खाना मोकळा.

गैरहजर मुलाचा खाना मोकळा सोडणं, किंवा उडवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं म्हणून हे नीट वाचा. मार्क भरताना गैरहजर पोरासमोर काहीच लिहिलं नाही तर एक्सेलमध्ये INDEX त्या मोकळ्या खान्याचा शून्य करून दाखवतो. म्हणजे K2, J4 आणि H6 मध्ये शून्य येणार आणि वाचणाऱ्याला वाटणार की पोरगं पेपरला बसलं होतं आणि भोपळा घेऊन आलं. पालकसभेत असा कागद समोर आला तर त्या पोराला काय वाटेल याचा विचार करा. सरासरीही बिघडते, समजा ६० जणांची बेरीज १९२० असेल तर खरी सरासरी ३२ आहे, पण तक्त्यावर AVERAGE लावला की तीन शून्यं धरून ती ३०.४८ येते. गूगल शीट्समध्ये तोच खाना मोकळा दिसतो, त्यामुळं घरी शीट्सवर बरोबर दिसलेली फाईल शाळेच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये उघडली की शून्यं उगवतात आणि माणूस गोंधळतो.

काहीजण यावर उपाय म्हणून INDEX च्या शेवटी `&""` जोडतात. शून्यं जातात खरी, पण सगळे मार्क आकडे न राहता टेक्स्ट होतात, खान्यात डावीकडं चिकटतात आणि SUM लावला की उत्तर शून्य. ते करू नका. B कॉलममध्येच गैरहजर मुलापुढं AB लिहा, तक्त्यात AB जसाच्या तसा येतो आणि SUM, AVERAGE त्याला मोजत नाहीत. ज्याला खरंच शून्य पडलंय त्याच्यापुढं 0 लिहा.

याहून वाईट म्हणजे मोकळ्या ओळी डिलीट करून टाकणं. "मधी गॅप नको" म्हणून तीन ओळी उडवल्या की उरतात बरोबर ६० मार्क, आणि तक्ता होतो सहा भरगच्च ओळींचा, एकही खाना मोकळा नाही, बघणाऱ्याला वाटतं झकास झालंय. पण ८ च्या जागेवर आता ९ चे मार्क आलेत, २७ नंतर दोनाचा फरक पडलाय, ४५ नंतर तिनाचा, आणि M6 मध्ये, जिथं ५० नंबरचा मार्क पाहिजे, तिथं ५३ चा बसलाय. पट ६३ चा आणि तक्ता सहाच ओळींचा असेल तर तो कितीही देखणा दिसला तरी तिथंच थांबा.

मार्क लावायच्या आधी रोल नंबर लावून बघा

यातल्या बऱ्याच चुका पकडायचा सोपा मार्ग आहे, तो लोक का वापरत नाहीत कळत नाही. फॉर्म्युल्यात `$B$2:$B$64` च्या जागी आधी `$A$2:$A$64` टाका आणि पूर्ण तक्ता ओढा. पहिल्या ओळीत १ ते १०, दुसऱ्या ओळीत ११ ते २०, शेवटच्या ओळीत ६१, ६२, ६३ आणि पुढं मोकळं, असं आलं तर सांगाडा बरोबर. मधल्या ओळी कुणी उडवल्या असतील तर ७ नंतर थेट ९ दिसेल, लगेच कळतं. मग A चा B करा आणि पुन्हा ओढा.

एक मर्यादा आहे, कुणी फक्त B कॉलममधला खाना डिलीट करून खालचे मार्क वर सरकवले असतील तर रोल नंबर शाबूत राहतात आणि ही तपासणी काहीच बोलत नाही. त्यासाठी शेवटचा मार्क बघायचा, F8 मध्ये ६३ नंबरचा मार्क कागदाशी जुळतोय का. वर सरकलं असेल तर तिथं मार्कच नसतो, शून्य किंवा मोकळा खाना असतो.

बेरीज जुळली म्हणून लोक निवांत होतात पण बेरजेला क्रम कळत नाही, आकडे उलटसुलट झाले तरी ती जुळतेच. `=COUNT(D2:M8)` ६० यायला पाहिजे आणि `=COUNTIF(D2:M8,"AB")` ३, हेही बघा. COUNT कमी आला तर कुठलातरी मार्क टेक्स्ट म्हणून पडलाय, बहुतेक आकड्यासोबत स्पेस गेलेली असते.

डॉलरची चिन्हं

`$` विसरलं की काय होतं ते रोल नंबर लावल्यावर फार स्पष्ट दिसतं. रेंज `$A2:$A64` अशी लिहिली, म्हणजे ओळीच्या आकड्यापुढचा डॉलर राहिला, तर पहिली ओळ बरोबर येते आणि म्हणूनच माणूस फसतो. खाली ओढताना रेंज एकेक खाना खाली सरकते, दुसरी ओळ ११ ऐवजी १२ पासून सुरू होते, तिसरी २३ पासून, आणि ११, २२, ३३, ४४, ५५ हे पाच रोल नंबर तक्त्यातून गायबच. शेवटाला न मागितलेली शून्यं येतात. असं दिसलं तर दुसरीकडं कुठं शोधत बसू नका, डॉलरच बघा. मार्क लावून उजवीकडं ओढताना दुसऱ्याच खान्यात शून्य आलं तर कॉलमच्या अक्षरापुढचा डॉलर राहिलाय, रेंज मोकळ्या कॉलमवर सरकलीय.

बरेच जण ROWS च्या जागी साधा `ROW()` वापरून `(ROW()-2)*10` असं लिहितात. चालतं, पण वर शाळेचं नाव टाकायला एक ओळ इन्सर्ट केली की सगळा तक्ता दहाने पुढं जातो, पहिलाच आकडा ११ नंबरचा येतो. प्रिंटच्या आधी वर हेडिंग टाकायची वेळ येतेच, म्हणून `ROWS(D$2:D2)` बरं, ते ओळ इन्सर्ट केली तर आपोआप जुळवून घेतं.

IFERROR बद्दलही सांगतो. शेवटच्या ओळीत `#REF!` दिसायला नको म्हणून अख्खा फॉर्म्युला IFERROR मध्ये गुंडाळायची सवय आहे. आता समजा घाईत रेंज `$B$64` ऐवजी `$B$54` टाईप झाली, तर ५४ ते ६३ ही दहा पोरं एरर न देता गायब होतात, मोकळे खाने दिसतात बास. वरच्या फॉर्म्युल्यात ६३ हा आकडा मुद्दाम हाताने घातलाय, तो पटावरून घ्यायचा. रेंज चुकली तर `#REF!` ओरडून सांगतो, आणि तो दिसलाच पाहिजे.

नवीन एक्सेल असेल तर

मायक्रोसॉफ्ट ३६५, एक्सेल २०२४ किंवा गूगल शीट्स असेल तर एवढा खटाटोप नको, D2 मध्ये एकच ओळ:

```
=WRAPROWS(B2:B64,10,"")
```

शेवटचं `""` विसरलं की उरलेल्या सात खान्यांत `#N/A` येतं. चुकून WRAPCOLS लिहिलं तर १ च्या खाली २, २ च्या खाली ३ असं उभं भरत जातं, ते रोल नंबर लावून बघितलं की लगेच दिसतं. पसरायच्या जागेत आधीचं काही लिहिलेलं असेल तर एक्सेल `#SPILL!` देतो आणि शीट्स `#REF!`, तेवढी जागा मोकळी करा. `#NAME?` आलं तर तुमचं एक्सेल जुनं आहे, वरचाच मोठा फॉर्म्युला वापरा. AB चा नियम इथंही तोच.

दोन तुकड्या एकाच शीटमध्ये असतील आणि फिल्टर लावून एकच तुकडी दाखवली असेल तर लक्षात ठेवा, INDEX असो की WRAPROWS, फिल्टरने लपवलेल्या ओळी ते मोजतातच. त्या तुकडीचे दिसणारे रोल नंबर आणि मार्क कॉपी करून वेगळ्या शीटवर टाका आणि तिथं तक्ता करा.

तक्ता तपासून झाला की तो सिलेक्ट करून कॉपी करा आणि पेस्ट स्पेशलमधून Values म्हणून नव्या शीटवर टाका, मगच प्रिंट काढा किंवा फाईल पुढं पाठवा. फॉर्म्युला तसाच ठेवला आणि कुणी पहिला नंबर कोणाचा बघायला B कॉलम मोठ्यापासून लहान असा सॉर्ट केला, तर तक्ता त्याच क्षणी नवीन क्रमाने भरतो आणि १ ते ३ नंबरच्या जागेवर AB येऊन बसतात, कारण असा सॉर्ट टेक्स्टला आकड्यांच्या वर ठेवतो, आणि वर्गातले सगळ्यात जास्त मार्क ४ नंबरच्या जागेवर जातात.