थकलेलं बिल आणि तीन पत्रं: एका भाषांतरकाराचा अनुभव

६ सप्टेंबर २०२४ हा शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते, म्हणून रात्री जागून मी ठिबक सिंचन संचाच्या देखभालीच्या पुस्तिकेचं मराठी भाषांतर संपवलं आणि पुण्यातल्या एका एजन्सीला पाठवून दिलं. शब्द १८,५००, दर शब्दाला अडीच रुपये, म्हणजे ४६,२५० रुपयांचं बिल. कामाच्या ईमेलमध्ये ‘बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पेमेंट’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ९ तारखेला तिथल्या मॅडमचं उत्तर आलं, ‘फाइल मिळाली, काम छान झालंय.’ ६ ऑक्टोबरला पैसे जमा व्हायला हवे होते. ते झाले १४ नोव्हेंबरला. मधल्या काळात मी तीन पत्रं लिहिली. पहिलं वाया गेलं, दुसऱ्याने अर्धं काम केलं आणि तिसऱ्याने पैसे आणले. नुकतंच फ्रीलान्स काम सुरू केलेल्यांना त्यातला फरक दाखवावा, म्हणून ती इथे देते आहे.

पहिलं पत्र ७ ऑक्टोबरचं. ते असं होतं: ‘नमस्कार मॅडम, कशा आहात? नवरात्राची गडबड असेल. त्रास देतेय, क्षमस्व. मागच्या महिन्यातल्या बिलाचं जरा सवडीने पाहाल का?’ उत्तर आलं, ‘हो, बघते.’

या पत्रात नम्रता भरपूर होती, पण बिलाचा नंबर नव्हता, रक्कम नव्हती, तारीख नव्हती. त्यापेक्षा मोठी चूक म्हणजे ते ज्यांना लिहिलं त्या मॅडम पैसे देतच नाहीत. त्या काम वाटतात, पैसे अकाउंट्स विभाग देतो. त्यांनी माझं पत्र अकाउंट्सला पुढे पाठवायचं ठरवलं असतं, तरी तिथल्या माणसाला त्यातून काय कळणार होतं? कोणतं बिल, किती रुपयांचं, कधीचं, सगळं पुन्हा विचारावं लागलं असतं. तेव्हापासून मी आठवणीचं प्रत्येक पत्र असं लिहिते की मला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाच्या हाती ते पडलं, तरी त्याला दुसरी कुठलीही फाइल न उघडता पैसे पाठवता यावेत. आणि ‘सवडीने’ हा शब्द मी कायमचा सोडला. सवड मीच देऊ केली, तर समोरच्याने ती घेतली यात त्याचा काय दोष?

आठवडाभर काही हललं नाही, तेव्हा मी फोन केला, या वेळी थेट अकाउंट्सला. ‘पैसे कधी देणार’ असं विचारलं नाही. विचारलं, ‘सर, माझं बिल तुमच्याकडे नोंदलं गेलंय का? आणि नसेल तर कशासाठी अडलंय?’ ते म्हणाले, ‘मॅडम, बिल आलंय, पण अप्रूव्हल बाकी आहे.’ अप्रूव्हल म्हणजे काम देणाऱ्या विभागाने ‘काम मिळालं, बिल बरोबर आहे’ असं त्यांना कळवायचं. इकडे मॅडमना वाटत होतं बिल अकाउंट्समध्ये चाललंय, तिकडे अकाउंट्स मॅडमची वाट बघत होतं. बिल थकण्याचं कारण बहुतेक वेळा असंच दोन टेबलांच्या मधे असतं. म्हणून दुसरं पत्र १५ ऑक्टोबरला दोघांना एकत्रच पाठवलं: अकाउंट्सला उद्देशून आणि मॅडमना प्रत.

> विषय: स्मरणपत्र – बिल क्र. २४-१७, रु. ४६,२५०, देय तारीख ६ ऑक्टोबर २०२४
>
> नमस्कार,
>
> ठिबक संच देखभाल पुस्तिकेचं मराठी भाषांतर मी ६ सप्टेंबर रोजी पाठवलं. ते मिळाल्याचं आणि काम योग्य असल्याचं आपण ९ सप्टेंबरच्या ईमेलने कळवलं आहे. या कामाच्या बिलाची मुदत ६ ऑक्टोबरला संपली. टीडीएस वजा जाता रु. ४१,६२५ येणं बाकी आहे.
>
> ही रक्कम शुक्रवार, १८ ऑक्टोबरपर्यंत जमा करावी, ही विनंती. त्या दिवशी शक्य नसेल, तर कोणत्या तारखेला जमा होईल ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवावं. बिलात काही त्रुटी असेल तर तीही कळवावी, त्याच दिवशी दुरुस्त करून पाठवीन.
>
> बिल, कामाचा मूळ ईमेल, ९ सप्टेंबरची पोच आणि बँकेचा तपशील सोबत जोडला आहे.

यात एकही कठोर शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला टाळायला जागा कमी राहते. ९ सप्टेंबरच्या ईमेलचा उल्लेख अप्रूव्हलच्या जागी उभा राहतो, कारण काम मान्य असल्याचं त्यांच्याच माणसाने लिहून दिलेलं आहे. ‘लवकरात लवकर’ असं मी लिहिलं नाही, वार घालून तारीख लिहिली. त्रुटीचं वाक्य मुद्दाम आहे. तीन आठवड्यांनी ‘अहो, तुमच्या बिलावर पॅन नंबरच नव्हता’ असं ऐकायला लागण्यापेक्षा ते आजच कळलेलं बरं. टीडीएस, म्हणजे कंपनी बिलातून आधीच कापून सरकारकडे भरते तो कर, वजा केलेली रक्कमही लिहावी, कारण बँकेत तोच आकडा येणार असतो आणि हिशेब तुम्हाला माहीत आहे हे समोरच्याला कळतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: ‘दिवाळीनंतर नक्की करतो.’ दिवाळीनंतर ही तारीख नव्हे. मी लगेच एका ओळीत विचारलं, ‘दिवाळीनंतर म्हणजे ४ नोव्हेंबर धरू की ८ नोव्हेंबर?’ असे दोन पर्याय दिले की माणूस सहसा उशिराचा निवडतो, पण एक तरी निवडतो. ‘८ पर्यंत होईल,’ असं लेखी आलं. दिवाळीच्या दिवसांत मी पुन्हा काही लिहिलं नाही. दिलेली मुदत संपण्याआधी टोचत राहिलं, तर मुदतीला अर्थ राहत नाही.

८ नोव्हेंबर कोरडा गेला. शनिवारी सकाळी मी आयकराच्या संकेतस्थळावर लॉगिन करून `View Form 26AS` उघडलं, म्हणजे आपल्या नावावर कुणी किती टीडीएस कापला ते दाखवणारं पान. ही गोष्ट नवीन लोकांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. कंपनीने टीडीएस पैसे देतानाच कापायचा असतो असं नाही. तुमचं बिल हिशेबात तुमच्या नावे जमा केलं किंवा पैसे दिले, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो कापायचा असतो. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नोंद आपल्या २६एएसमध्ये दिसते. माझ्या पानावर एजन्सीच्या नावासमोर ती होती: कलम १९४जे, ३० सप्टेंबर २०२४, रक्कम ४६,२५०, कर ४,६२५.

म्हणजे अप्रूव्हल बाकी असल्याचं मला १५ ऑक्टोबरच्या सुमाराला सांगितलं गेलं, त्याच्या पंधरवडाभर आधीच बिल त्यांच्या वहीत चढलं होतं. अकाउंट्सच्या सरांनी मुद्दाम फसवलं असं मला आजही वाटत नाही, फोन उचलणारा वेगळा आणि नोंद करणारा वेगळा असू शकतो. पण बिल मान्य नाही हे म्हणणं आता टिकणारं नव्हतं. अर्थात नोंद दिसली नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. विवरण उशिरा भरलेलं असू शकतं, किंवा वर्षभराची रक्कम टीडीएसच्या मर्यादेच्या खाली असेल. त्या वर्षी ती मर्यादा ३०,००० रुपये होती, १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली.

तोपर्यंत त्याच एजन्सीकडून दुसऱ्या एका पुस्तिकेचं कामही माझ्याकडे आलं होतं. तिसरं पत्र सोमवारी, ११ नोव्हेंबरला गेलं.

> विषय: अंतिम स्मरणपत्र – बिल क्र. २४-१७, मुदत उलटून ३६ दिवस
>
> नमस्कार,
>
> १६ ऑक्टोबरच्या ईमेलमध्ये आपण ८ नोव्हेंबरपर्यंत पेमेंट करण्याचं कळवलं होतं. रक्कम अद्याप जमा झालेली नाही. या बिलावरचा रु. ४,६२५ टीडीएस आपण ३० सप्टेंबरच्या तारखेने दाखवला असल्याचं माझ्या २६एएसमध्ये दिसतं. त्यामुळे बिल आपल्याला मान्य आहे असं मी समजते.
>
> माझी उद्यम नोंदणी २०२२ पासून असून तिचा क्रमांक बिलावर आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १५ व १६ नुसार ठरलेल्या मुदतीनंतर थकलेल्या रकमेवर व्याज लागू होतं. तो हक्क मी राखून ठेवते.
>
> कृपया शुक्रवार, १५ नोव्हेंबरपर्यंत रु. ४१,६२५ जमा करावेत. दुसऱ्या पुस्तिकेचं काम मी ही रक्कम जमा झाल्याच्या दिवशी सुरू करीन. आपल्यासोबतचं काम पुढेही चालू राहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उद्यम ही सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, ती ऑनलाइन, आधारवरून आणि फुकट होते. ती काम घेण्याच्या आधी झालेली असावी. बिल थकल्यावर धावत जाऊन केलेली नोंदणी त्या जुन्या बिलासाठी धरली जाईलच याची खात्री नसते. लेखी करारात कितीही लांबची मुदत घातली, तरी हा कायदा सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलासाठी ४५ दिवसांपलीकडे जाऊ देत नाही. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. तेव्हा बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे वर्षाला २०.२५ टक्के. माझ्या बिलावर ते महिन्याला सुमारे ७८० रुपये होत होते. हा आकडा मी पत्रात मुद्दाम घातला नाही. घातला असता तर चर्चा ७८० रुपयांवर गेली असती आणि मूळ रक्कम बाजूला पडली असती.

त्यापुढची पायरी म्हणजे सुविधा परिषदेकडे अर्ज, तो तेव्हा एमएसएमई समाधान पोर्टलवरून करायचा असे. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर लवाद. मी तिचा उल्लेख केला नाही, कारण इतक्या रकमेसाठी त्या वाटेने जायचं माझं ठरलेलं नव्हतं, आणि जे करणार नाही ते पत्रात लिहू नये असं मला ठामपणे वाटतं. दुसऱ्या पुस्तिकेचं काम थांबवणं मात्र माझ्या हातात होतं आणि मी ते खरोखर थांबवलं होतं. मला वाटतं, त्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच होतं. क्लायंट परदेशी असेल तर उद्यम आणि २६एएस यांचा काहीच उपयोग नाही, तिथे हातात असलेलं काम आणि आगाऊ रक्कम याच दोन गोष्टी उरतात.

बुधवारी दुपारी अकाउंट्समधून फोन आला. ‘मॅडम, उद्याच्या लिस्टमध्ये टाकलंय.’ गुरुवारी ४१,६२५ रुपये जमा झाले. व्याज मी मागितलं नाही. त्याच संध्याकाळी दोघांना लिहिलं, ‘बिल क्र. २४-१७ ची रक्कम मिळाली, धन्यवाद. दुसऱ्या पुस्तिकेचं काम आज सुरू केलं आहे.’ त्याखाली या कामाच्या अटी दिल्या: निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली बिलापासून ३० दिवसांत, आणि बिल दोन्ही पत्त्यांवर एकाच वेळी. मॅडमनी दुसऱ्या दिवशी एका शब्दात मान्यता दिली, आणि पुढच्या बुधवारी आगाऊ रक्कम खात्यात आली.