माती परीक्षणाच्या कागदावरचं "kg/ha" वाचल्याशिवाय खत उचलू नका

मृग तोंडावर आलाय, कृषी केंद्रांसमोर गर्दी सुरू झालीय आणि रोज कुणाचा ना कुणाचा माती परीक्षणाच्या कागदाचा फोटो येतोय, "भाऊ, हे इंग्रजीत हाय, जरा मराठीत सांगा न, उद्या खत उचलाचं हाय." सांगतो, पण आधी एक बोलून घेतो, कारण दरवर्षी नुकसान ह्याच एका गोष्टीनं होतंय. कागदावर खताचे जे आकडे असतात ते हेक्टरचे असतात. एकराचे नाही. आकड्याच्या वर किंवा बाजूला बारीक अक्षरात kg/ha लिहिलेलं असतं आणि फोटो काढताना नेमकं तेच कापलं जातं. मग 204 दिसतं, आणि आपला कास्तकार म्हणतो एकरी 204 किलो, म्हणजे चार चुंगड्या डीएपी. दुकानदार काय नाही म्हणणार हाय का?

तर पहिले फोटोच नीट काढा. कागद सपाट ठेवून, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा, दोन्ही बाजूंचा. घडी पडलेली असली तर ती जागा वेगळी जवळून काढा, कारण घडीत टिंब गायब होतं, जस्त 0.42 चं 42 दिसायला लागतं अन् माणूस म्हणतो आपल्या वावरात जस्त भरपूर आहे.

आता एका काकाजींचा कागद घेऊ, यवतमाळकडची काळी जमीन, पाच एकर, सोयाबीन पेरायचंय. वरचा अर्धा भाग म्हणजे जमिनीत काय आहे ते. सामू म्हणजे pH 8.1, जमीन विम्ल बाजूची, आपल्याकडच्या काळ्या मातीत हे नेहमीचंच. EC म्हणजे क्षारता 0.28, नॉर्मल लिहिलंय, सोडून द्या. OC म्हणजे सेंद्रिय कर्ब 0.48 टक्के, मध्यम. मग N नत्र 213, समोर 'लो', म्हणजे कमी. P स्फुरद 13, तेही कमी. K पालाश 412, समोर 'व्हेरी हाय', म्हणजे अत्यंत जास्त. हे तिन्ही आकडे पण हेक्टरी किलोतच. त्याखाली S गंधक 8 आणि Zn जस्त 0.42, दोघांसमोर 'डेफिशियंट' म्हणजे कमतरता (गंधक 10 च्या खाली अन् जस्त 0.6 च्या खाली गेलं की कमी धरतात, ही मोजणी ppm मध्ये असते). लोह, मंगल, तांबं, बोरॉन चारही 'सफिशियंट', म्हणजे पुरेसं आहे, त्यावर एक रुपयाही घालायचा नाही.

नत्राच्या आकड्यावर मी फार जीव टाकत नाही, बऱ्याच ठिकाणी तो कर्बावरूनच हिशेबानं काढलेला असतो. स्फुरद, पालाश आणि जस्त मात्र नीट पाहतो.

खालच्या अर्ध्या भागात पिकांच्या रांगा असतात आणि प्रत्येक पिकासमोर खताचे दोन संच. काकाजींच्या सोयाबीनसमोर पहिल्या संचात युरिया 82, सिंगल सुपर फॉस्फेट 586, म्युरेट ऑफ पोटॅश 25. दुसऱ्यात डीएपी 204, युरिया 2, म्युरेट 25. हे दोन संच म्हणजे हे घ्या नाहीतर ते घ्या. दोन्ही घ्यायचे नसतात! दोन्ही घेऊन आलेले लोक मी पाहिलेत म्हणून सांगतो. दोन्हीतून पिकाला मिळणारं नत्र, स्फुरद, पालाश सारखंच आहे, फक्त चुंगडी वेगळी.

हे आकडे आले कुठून तेही सांगतो म्हणजे भरवसा बसेल. अकोल्याच्या विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी 30 किलो नत्र, 75 किलो स्फुरद, 30 किलो पालाश. जमिनीत कमी असलं की त्यात पाव भाग वाढवतात, अत्यंत जास्त असलं की निम्मं करतात. म्हणून काकाजींचं नत्र साडेसदतीस झालं, स्फुरद 94 च्या आसपास, पालाश 15. डीएपीत स्फुरद 46 टक्के असतं, म्हणजे 94 किलो स्फुरदासाठी डीएपी 204 किलो. इथंच दुसरी फसगत होते. काही लॅबच्या रिपोर्टवर तयार खत लिहिलेलंच नसतं, नुसतं 37.5 : 94 : 15 असतं, आणि लोक 94 किलो डीएपी आणतात. ते अन्नद्रव्याचे किलो आहेत, खताचे नाही.

आता एकराचा हिशेब. अडीचनं भागा. डीएपी 204 चे 82 किलो, म्हणजे एक चुंगडी आणि वर 32 किलो. सुपर 586 चे 234 किलो. पहिल्या संचातला युरिया 33 किलो, म्युरेट 10 किलो. भागाकार नको वाटत असेल तर सातबारा काढा, त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच असतं, काकाजींचं 2.02 आहे, कागदावरचा आकडा सरळ दोननं गुणा, झालं. डीएपी 408 किलो, आठ चुंगड्या. काकाजी दुकानात सांगून आले होते वीस! चुंगडी 1350 रुपये धरली तर सोळा हजारांच्या वर पैसा उगाच मातीत. आणि चुंगडी मोजतानाही पाहा, युरियाची 45 किलोची असते, बाकीच्या 50 च्या.

पैसा गेला तर गेला म्हणाल, पण पीकच जातं, ते कसं ते ऐका. तिफणीनं बियाण्यासोबत अडीचपट डीएपी एकाच ओळीत पडलं, वर एक बऱ्यापैकी पाऊस आला, बी फुगलं, आणि मग आठ दहा दिवस पावसानं तोंड दाखवलं नाही (आपल्याकडे जूनमध्ये हे होतंच), की खत त्याच ओलीत विरघळून बसतं, क्षार आणि अमोनिया बियाला चटका देतात, कोंबाचं टोक तपकिरी होऊन तिथंच थांबतं. मागच्या खरिपात आमच्या भागात असे वावरं पाहिले, ओळीच्या ओळी मोकळ्या, आणि सगळे बियाण्याच्या कंपनीला शिव्या देत होते. बियाणं खराब का खत जास्त हे ओळखायचं असलं तर जिथं खताची नळी बुजली होती किंवा खताची पेटी संपली होती तो तुकडा शोधा. त्याच बॅगचं बी तिथं बरोबर उगवलं असेल तर बियाण्याचा दोष नाही. आणि बी उकरून पाहा. न फुगता किंवा सडून पडलं असेल तर गोष्ट वेगळी, फुगून मोड येऊन टोक जळलं असेल तर खत. जे झाड वाचतं ते पण नुसतं पाल्यावर जातं, जास्तीच्या नत्रानं मुळावरच्या गाठी कमी बसतात आणि शेंगा कमी.

काकाजींना मी पहिला संच घ्यायला लावला, सुपरचा. कारण साधं आहे, गंधक कमी निघालंय आणि सुपरमध्ये 11 टक्के गंधक फुकटात येतं, एकरी 234 किलोत पंचवीस किलो होऊन जातं. दुकानात मात्र डीएपी घ्या आणि वरून गंधकाची वेगळी पिशवी घ्या असं सांगतात. सुपर वजनाला जास्त, वाहून न्यायला कटकट, मजूर कुरकुरतात, हे खरं. पण ते पेरणीच्या आधी शेवटच्या वखरपाळीत देऊन टाका, तिफणीच्या पेटीतून एवढं जात पण नाही. युरिया त्यात मिसळून ठेवू नका, ओलं होऊन गोळा होतो, टाकायच्या वेळीच मिसळा आणि बियाण्याच्या ओळीत अजिबात नको. डीएपीच मिळालं आणि बियाण्यासोबतच द्यायचं असलं तर खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला दोन बोटं पडलं पाहिजे, नळी एकच असेल तर खताची वेगळी पाळी मारा.

जस्तासाठी झिंक सल्फेट, हेक्टरी 25 म्हणजे एकरी 10 किलो, एकदा दिलं की दोन तीन हंगाम बघायचं काम नाही. सुपर किंवा डीएपीत एकत्र करू नका, स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही वाया जातात. शेणखतात मिसळून वेगळं फेका. "सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिक्स" म्हणून जी महाग बादली देतात त्यात लोह, मंगल, तांबं पण असतं, जे काकाजींच्या कागदावर पुरेसं आहे. पालाश जमिनीत 412 असताना 10:26:26 गळ्यात मारतात तेही तसंच. "डीएपी पाहिजे तर हे पण घ्यावं लागेल" म्हणाले तर पक्कं बिल मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

कागदात नसलेलं एक माझ्या मनाचं. ज्या तुकड्यात उन्हाळ्यात मेंढ्या बसवल्या होत्या तिथं मी युरिया टाकत नाही, कुठल्या शिफारशीत नाही हे, पण तिथलं सोयाबीन तसंच काळंभोर असतं. आणि जुनी मृदा आरोग्य पत्रिका असेल तर लक्षात ठेवा, कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घ्यायचे, म्हणजे नाव तुमचं पण माती शेजाऱ्याच्या वावराची असू शकते. वावर हलकं भारी मिसळ असेल तर तसा कागद डोळे झाकून धरू नका.

बाकीचं नेहमीचं:
- पेरणी 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावरच
- घरच्या बियाण्याची उगवण 70 टक्क्यांच्या वर आहे का तपासा
- बियाणं एकरी 30 किलो, खोली 3 ते 4 सेंमी
- आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम आणि पीएसबी, प्रत्येकी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, सावलीत सुकवा

खत पेरायच्या आधी तिफण तपासा. एकरी 82 किलो म्हणजे गुंठ्याला दोन किलोच्या थोडं वर. पेटीत चार किलो टाकून दोन गुंठे चालवा, अर्ध्यातच संपलं तर सोडणी कमी करा, मगच वावरात उतरा.

आणि ज्यांनी धूळपेरणीत आधीच चार चार चुंगड्या घालून टाकल्यात, त्यांनी आता वरून काहीच देऊ नका, युरिया तर नाहीच. स्प्रिंकलर असेल आणि उगवणीच्या वेळी उघडीप पडली तर दोन तास तरी चालवा, खत पसरून पातळ होतं. स्प्रिंकलर नसेल तर दुबारसाठी एकरी पंधरा किलो बी बाजूला ठेवा, खाडे पडले तर फक्त बी टोबायचं, खत पुन्हा नाही.